लेझर झालं, तरी चाळिशी लागलीच

मुलीच्या बोटात काचेचा कण घुसला होता. दिव्याखाली तिचा हात धरून चिमटा घेऊन बसले, आणि कण दिसेना. बोट जवळ आणलं तर सगळं पुसट, लांब नेलं तर इतकं बारीक की कण कुठला आणि त्वचेची रेघ कुठली ते कळेना. शेवटी ताईने मला बाजूला सारलं, आपला चष्मा डोक्यावर चढवला, बोट डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं आणि एका झटक्यात कण बाहेर काढला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नंबर मायनस ३. तिने कधी लेझर केलं नाही. मी २७व्या वर्षी मायनस ६ नंबर घालवून चष्म्याला रामराम ठोकलेली. तिच्याकडे बघून ‘अजून चष्मा?’ म्हणणारी मीच.

त्या रात्री मनात एकच आलं : लेझर उतरलं.

पुढचे दोन महिने जे हेलपाटे घातले त्यातले निम्मे याच गैरसमजामुळे होते, म्हणून तो आधी सांगते. लेझर उतरलं असतं, म्हणजे मायनस नंबर थोडा परत आला असता, तर लांबचं धूसर व्हायला हवं होतं. बसवरची पाटी, सभागृहातला पडदा, रस्त्यापलीकडचा चेहरा. जवळचं उलट सोपं झालं असतं, कारण मायनस नंबर हा जवळचं वाचायला फुकटात मिळालेला चष्माच असतो. माझं नेमकं उलटं होतं. लांबच्या पाट्या खणखणीत, औषधाच्या पट्टीवरची तारीख मात्र हात लांब केल्याशिवाय लागत नव्हती. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. कळलं नाही. आणि ज्या ठिकाणी लेझर केलं होतं तिथे फोन केल्यावर काउंटरवरच्या बाईंनाही कळलं नाही. त्या म्हणाल्या, “मॅडम, इतकी वर्षं झाली ना, थोडं रिग्रेशन असेल. टच-अप करून घ्या.” न तपासता, फोनवर.

तपासायला गेले. मशीनमध्ये हनुवटी टेकवली, रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो तो पाहिला, कागदाची चिठ्ठी बाहेर आली : जवळपास शून्य. तक्त्याची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचली. “नंबर तर नाहीच,” तपासणारा मुलगा म्हणाला. मग टच-अप कशाचं, हे विचारल्यावर त्याने खांदे उडवले आणि मला परत काउंटरवर पाठवलं. तिथून बाहेर पडले ती सरळ चष्म्याच्या दुकानात.

खरी अडचण इथून सुरू झाली. एका महिन्यात तीन ठिकाणी तीन नंबर निघाले, आणि तिन्ही ठिकाणी माणसं आपापल्या जागी ठाम.

पहिल्या दुकानात बारीक अक्षरांचं कार्ड हातात दिलं आणि माझा हात धरून ते नाकाजवळ आणलं. टेप लावली असती तर ३० सेंटीमीटरच्या आतच भरलं असतं. तिथे मला स्पष्ट दिसायला प्लस अडीच लागला. चष्मा घरी आणला, पुस्तकातली अक्षरं ठसठशीत आणि मोठी दिसली म्हणून खूश झाले. दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर समोरचा स्क्रीन धुक्यात. मान पुढे काढून काढून संध्याकाळपर्यंत मानेचा काटा ढिला झाला. दुसऱ्या दुकानात ही तक्रार सांगितली, तर तिथल्या माणसाने कार्ड मला हवं तितकं लांब धरू दिलं आणि प्लस एक दिला. “पंचेचाळीसला एकच लागतो, जास्त घालाल तर डोळ्याला सवय लागेल.” त्या चष्म्याने स्क्रीन झकास. पुस्तक सकाळी झकास, संध्याकाळी सहानंतर ओळी एकमेकींवर चढायच्या आणि भुवयांच्या वर कपाळ ठणकायचं. तिसऱ्याने मधला रस्ता म्हणून पावणेदोन लिहून दिला. कशावरून, ते त्यालाच ठाऊक.

मी प्रूफं तपासते. दिवसाचे आठ तास कागद आणि स्क्रीन यांच्यात ये-जा. नंबर म्हणजे काही लिलावातली बोली नव्हे, की एक कुणी अडीच म्हणावं, एक कुणी एक म्हणावं आणि मध्ये सौदा तुटावा. चिडून एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चिठ्ठ्या बाजूला सरकवल्या आणि विचारलं, “कागद किती लांब धरता? स्क्रीन किती लांब असतो?” हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. मला उत्तर येत नव्हतं. (तुम्ही जाण्याआधी घरी टेप लावून मोजून घ्या. डोळ्यापासून कागद, डोळ्यापासून स्क्रीन. माझे निघाले ४० आणि ६५ सेंटीमीटर.)

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो माझ्या डोक्यातही आला नसता. “तुमच्या वयाच्या मैत्रिणींना चष्मा कधी लागला?” बहुतेकींना पंचेचाळीस-सेहेचाळीसला. मला हात लांब करायला लागून दोन वर्षं झाली होती, म्हणजे त्रेचाळीसपासून. त्या म्हणाल्या, “मग थेंब घालून बघावं लागेल. तुमच्यात थोडा प्लस लपलेला असावा.”

थेंबांचं जरा नीट सांगते, कारण इथेच गाडी रुळावर आली. पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतात. हे थेंब वेगळे, सायक्लोपेंटोलेट नावाचे. ते बाहुली तर मोठी करतातच, पण डोळ्याच्या आतला जो स्नायू जवळचं बघण्यासाठी आवळतो त्यालाही काही तास पंगू करतात. चुरचुरतात चांगले. लहान मुलांना सर्रास घालतात. चाळिशीनंतर सहसा कुणी घालत नाही, कारण या वयात लपण्यासारखं फारसं उरलेलं नसतं असं मानतात. माझ्यात उरलं होतं. मशीनमधल्या त्या फुग्याकडे बघताना तो जवळच आहे असं डोळ्याला वाटतं, स्नायू आपोआप आवळला जातो आणि प्लस नंबर झाकला जातो. म्हणून पहिल्या चिठ्ठीवर शून्य आलं होतं.

थेंब घालून वाट बघत बसलेल्या बाकावर शेजारी एक गृहस्थ होते. त्यांनी तिशीत डोळ्याच्या आत लेन्स बसवून घेतली होती, आयसीएल म्हणतात ती, नंबर फार मोठा होता म्हणून. ते म्हणाले, “तुमचं वरवरचं काम, लेझर. माझी तर लेन्सच नवीन आहे, मला कशी चाळिशी लागेल?” पण लागली होती, म्हणूनच ते तिथे बसले होते. मी तेव्हा काही बोलू शकले नाही, मलाच कुठे ठाऊक होतं. आता सांगू शकते. ती लेन्स डोळ्यातल्या मूळ भिंगाच्या पुढे बसवतात, मूळ भिंग काढत नाहीत. ते जिथल्या तिथे असतं आणि आपल्या वयाने म्हातारं होत राहतं.

हेच लेझरचंही. लेझर काम करतं ते डोळ्याच्या दर्शनी भागावरच्या पारदर्शक काचेवर, कॉर्नियावर. तिचा आकार बदलला की लांबचा नंबर जातो. जवळचं बघण्याची यंत्रणा मात्र त्याच्या मागे, बाहुलीच्या पलीकडे असते. तिथलं भिंग बारीक धाग्यांनी भोवतालच्या गोल स्नायूला टांगलेलं असतं. लांब बघताना धागे ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. जवळ बघायचं झालं की स्नायू आवळतो, धागे सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचीकपणाने फुगतं. या भिंगात आयुष्यभर नवे थर चढत राहतात आणि जुना एकही गळून पडत नाही. ते वर्षागणिक घट्ट होत जातं. चाळिशीपर्यंत धागे सैल पडले तरी ते पूर्वीसारखं फुगत नाही. स्नायूचा यात फारसा दोष नसतो, म्हणून त्याला व्यायाम देऊन भिंग मऊ होत नाही. हे भिंग मी लेझर करायच्या आधीही घट्ट होत होतं आणि टेबलावर आडवी पडले होते त्या दिवशीही.

ज्यांचं मोतीबिंदूसाठी किंवा नंबरसाठी मूळ भिंगच काढून कृत्रिम बसवलेलं असतं, त्यांना तर वाटच बघावी लागत नाही. साधं, एकाच अंतराचं कृत्रिम भिंग फुगत नाही. ते लांबसाठी बसवलं असेल तर जवळचा चष्मा त्याच आठवड्यात लागतो, वय काहीही असो.

अर्ध्या-पाऊण तासाने आत बोलावलं. बाईंनी टॉर्चची रेघ डोळ्यावरून फिरवली, एकेक काच लावली, आणि म्हणाल्या : दोन्ही डोळ्यांत प्लस पाऊण. म्हणजे मायनस ६ काढताना हात किंचित पुढे गेला होता. मी उसळलेच, चूक झाली म्हणून. त्यांनी शांत केलं. मोठा मायनस काढताना नंबर थोडा मागे फिरतो हे गृहीत धरून तरुण डोळ्यात कधी कधी मुद्दाम किंचित प्लसकडे ठेवतात. माझा फिरला नाही, तिथेच राहिला. सत्तावीसच्या डोळ्याला पाऊण प्लस म्हणजे काहीच नाही, भिंग सहज फुगून तो भरून काढतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. चाळिशीत फुगण्याची ऐपत आटते, तेव्हा हे जुनं देणं वर येतं.

त्या दिवशी नंबर दिला नाही. डोळे फटफटीत, उजेड सहन होईना, फोनवर आलेलं नावही वाचता येईना. परतताना गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता, रिक्षावाल्याला पैसे देताना नोटा ओळखायच्या म्हणून रंगावर भिस्त. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असंच होतं. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, कारण थेंबांच्या अमलाखाली निघालेला नंबर जसाच्या तसा नाकावर चढवायचा नसतो. त्या वेळी मी कुरकुरले होते. आता वाटतं, तीन दुकानांत मिळून गेलेल्या वेळापेक्षा हे तीन दिवस कमीच होते.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बारीक अक्षरांची एक ओळ पट्टीवरून हळूहळू माझ्या नाकाकडे सरकवली. अक्षरं फुटायला लागली की सांगायचं. बिनचष्म्याने ३१ सेंटीमीटरवर फुटली. मग लांबचा प्लस पाऊण समोर लावून पुन्हा केलं, तेव्हा २५ वर. आणि त्यांनी कागदावर मांडलेला हिशोब मला दुकानांतल्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त पटला. शंभरला सेंटीमीटरने भागलं की तेवढ्या अंतरावर बघायला डोळ्याला किती जोर लागतो ते मिळतं. २५ सेंटीमीटर म्हणजे ४. माझ्या भिंगाची एकूण ऐपत ४. पण ऐपतीच्या निम्म्यानेच दिवसभर काम करावं, पूर्ण ताणलं तर थोड्याच वेळात कपाळ ठणकतं. म्हणजे बिनघोर खर्चायला माझ्याकडे २. कागद ४० सेंटीमीटरवर, त्याला लागतात अडीच. वर लपलेल्या प्लसचा पाऊण. एकूण सव्वातीन. हातात २, खर्च सव्वातीन. तूट सव्वाची.

आता तिन्ही चष्मे याच हिशोबात बसवून बघा. प्लस एक घातला की तूट पाव उरते; सकाळी ती कळत नाही, संध्याकाळी कपाळातून वसूल होते. प्लस अडीच घातला तर पाऊण लपलेला नंबर भागवण्यात जातो आणि पावणेदोन जास्तीचे उरतात. तेवढ्या जास्तीने ५७ सेंटीमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं. माझा स्क्रीन ६५ वर. म्हणून धुकं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, त्याने ३० सेंटीमीटरवर वाचणाऱ्या कुणा दुसऱ्याच बाईचा चष्मा मला दिला होता.

शेवटी ठरला प्लस दीड. तुटीपेक्षा पाव जास्त, आणि सव्वा मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ, त्यामुळे कागद आणि स्क्रीन दोन्ही एकाच चष्म्यात. तिसऱ्या दुकानातला पावणेदोनवालाही त्या मानाने फार चुकला नव्हता म्हणा, पण अंदाजाने जवळ जाणं वेगळं. लांबसाठी सध्या काही नाही. पाऊण प्लस लांबसाठीही एकदम चढवला तर सवयीने आवळलेला स्नायू सैल होत नाही आणि लांबचं उलट पुसट वाटतं. काही वर्षांनी तोही लागेल, असं बाई म्हणाल्या.

टच-अपचं मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पुन्हा लेझर करून हे जाईल का, असं विचारलंच. लेझर भिंग मऊ करू शकत नाही. फार तर एका डोळ्याला मुद्दाम थोडा मायनस देता येतो, म्हणजे एक डोळा लांबला, एक जवळला. काही जणांना ते मस्त जमतं. पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून आठवडाभर राहून बघा, अशी त्यांची अट. दोन्ही हातांच्या तळव्यांमधल्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावून त्यांनी ठरवलं की माझा हुकमी डोळा उजवा. म्हणून लेन्स डाव्यात. घरात छान होतं. रात्री रस्त्यावर समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटायची, आणि जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली याचा पायाला भरवसा वाटेना. पाचव्या दिवशी लेन्स काढून ठेवली. कॉर्नियावर पुन्हा हात फिरवून घेतला असता तर ती काढून ठेवता आली नसती.

ताईचं कोडंही मग सुटलं. शंभरला तिच्या ३ ने भागा, ३३ सेंटीमीटर. चष्मा डोक्यावर चढवला की तेवढ्या अंतरावरचं तिला भिंग जराही न फुगवता दिसतं, भिंग कितीही घट्ट झालं तरी. तिची चाळिशी तिच्या नंबरातच शिवलेली आहे. माझी मी कापून काढून दिली. अर्थात माझा ६ तसाच असता तर चष्मा काढून १७ सेंटीमीटरवर दिसलं असतं. काचेचा कण काढायला उत्तम, पण पुस्तक वाचायला नाक पानाला टेकवावं लागलं असतं. त्यामुळे फार हळहळण्यात अर्थ नाही. अठरा वर्षं पावसात काचा न पुसता चालले, तेही खरंच.

लेझरची जुनी फाइल मागायला जाल तर लेखी अर्ज घेऊनच जा. मला दोनदा ‘रेकॉर्ड जुनं आहे’ म्हणून परत पाठवलं, अर्जावर पोच मागितली तेव्हा आठवड्यात फाइल सापडली. लेझरनंतर तीन महिन्यांनी झालेल्या तपासणीच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं : दोन्ही डोळे प्लस ०.७५, तक्रार नाही. म्हणजे उत्तर त्यांच्याच कपाटात होतं आणि मला फोनवर टच-अप सुचवत होते. फाइलीचा दुसरा उपयोग पुढे आहे. कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीच्या पद्धतीने मोजून भिंगाचा नंबर काढला की तो चुकण्याची शक्यता वाढते, आणि लेझरआधीची मापं हाताशी असली तर डॉक्टरांना हिशोब पडताळता येतो. डोळ्याचा दाब मोजतानाही लेझर झाल्याचं सांगायचं. कॉर्निया पातळ झाल्यामुळे दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेआड राहू शकतो. हे मला फाइलमुळे निघालेल्या बोलण्यात कळलं, नाहीतर मी कुणाला सांगितलंही नसतं.

त्या फाइलीत संमतीपत्रही निघालं. सातव्या पानावर, बारीक टायपात एक ओळ : चाळिशीनंतर जवळच्या कामासाठी चष्मा लागू शकतो. खाली माझी सही. ती ओळ वाचायला मला नवा चष्मा लावावा लागला.